बोअर अडला, म्हणजे खडक लागला का?

बोअरवेलची गाडी सोसायटीत येते, दिवसभर धूळ उडवते आणि अंधार पडायच्या आत शंभरेक मीटरचं भोक पाडून निघून जाते. पुढे त्याच सोसायटीच्या पुनर्विकासासाठी ‘सॉइल टेस्टिंग’ची माणसं येतात. त्यांच्याकडे तिपाई, एक पंप, एक छोटं इंजिन आणि लोखंडी रॉडची मोळी असते, आणि पंधरा-सतरा मीटरच्या एका भोकासाठी ती तीन-चार दिवस खपत असतात. गॅलरीतून बघणाऱ्याला साहजिकच प्रश्न पडतो, की बोअरवेलचीच गाडी का नाही आणत?

उत्तर त्या धुळीत आहे. बोअरवेलवाल्याला भोक हवं असतं. भोकातून काय निघालं याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नसतं. त्याचा हातोडा खडकाचं पीठ करतो आणि दाबाची हवा ते वर फेकते. पायाच्या तपासणीत नेमकं उलटं असतं. इथे भोक नाममात्र, निघालेला माल महत्त्वाचा. पीठ बघून खडक अखंड होता की भेगाळलेला, माती घट्ट होती की लोण्यासारखी मऊ, यातलं काहीच सांगता येत नाही. म्हणून जमीन जशी आहे तशी, निदान तिचा नमुना तरी तसाच, वर आणायचा हा सगळा खटाटोप असतो.

त्यासाठी आपल्याकडे तीन पद्धती रोजच्या वापरात आहेत: हातानं फिरवायचा ऑगर, पाण्याच्या झोतानं चालणारं वॉश बोअरिंग आणि खडक गोल कापून त्याचा दंडगोल बाहेर काढणारं रोटरी कोअरिंग. कुठल्या जमिनीत काय वापरायचं, हे मी तीन प्रश्नांनी ठरवतो. भोक आधाराशिवाय उभं राहील का? पाणी आत गेलं तर नमुना बिघडेल का? आणि हा थर नुसत्या पात्यानं सुटेल का? एकाच भोकात ही उत्तरं खोलीगणिक बदलतात, त्यामुळे पद्धतही बदलावी लागते. कामातल्या बहुतेक चुका या बदलाच्या जागीच होतात.

काळ्या मातीत हात-ऑगर

सुताराच्या गिरमिटाच्या घडणीचं, पण वीतभर रुंदीपर्यंतचं पातं, त्याला जोडत जायचे मीटर-मीटरचे रॉड आणि वर आडवा दांडा. दोन माणसं दांडा धरून गोल फिरतात, पातं मातीत शिरतं, भरलं की उपसून बाहेर काढायचं. यात ना पंप, ना पाणी. पुण्या-सोलापूरकडच्या काळ्या मातीत हे पाणी नसणं फार मोलाचं असतं.

काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि सुकली की आकसते. उन्हाळ्यात शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. त्या जमिनीवर हलकं घर, कुंपणाची भिंत किंवा रस्ता बांधायचा तर मातीतला ओलावा खोलीनुसार कसा बदलतो, हे कळणं फार गरजेचं असतं. वरच्या पट्ट्यात तो ऋतूबरोबर खालीवर होतो. एका खोलीनंतर वर्षभर जवळपास स्थिर राहतो. पाया त्या स्थिर पट्ट्यात न्यायचा असतो. अशा मातीत पाण्याचा झोत सोडला तर जे मोजायचं तेच आपण बदलून टाकतो. ऑगरनं काढलेल्या मातीची वीण विस्कटलेली असते, तिची ताकद त्यावरून मोजता येत नाही, पण तिचा ओलावा खरा असतो. मात्र तो टिकवावा लागतो. नमुना लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा हवाबंद पिशवीत गेला पाहिजे. ऊन खात पडलेल्या ढेकळाचा ओलावा प्रयोगशाळेत कितीही काटेकोर मोजला तरी उपयोग नाही.

ऑगर चालवतानाही एक पथ्य आहे. पातं भरेल एवढंच फिरवायचं, साधारण वीतभर, आणि वर काढायचं. घाईनं जास्त फिरवलं की वरची माती खालच्यात दाबली जाते आणि थराची हद्द पुसते. पातं वर येताना भोकाच्या कडा खरवडतं, म्हणून पात्यावरची वरची दोन-चार बोटं माती टाकून द्यायची आणि खालचीच नमुना म्हणून घ्यायची.

ऑगरची मर्यादा चटकन गाठली जाते. पाच-सहा मीटरच्या पुढे रॉड जोडणं-सोडणं यातच वेळ जातो. पाण्याच्या पातळीखालच्या वाळूत भोक टिकतच नाही; पातं बाहेर काढावं तोवर कडा आत ढासळलेल्या असतात. आणि मुरूम लागला की दांडा फिरेनासा होतो. इथे नोंदवहीत ‘खडक लागला’ असं लिहिण्याचा मोह होतो. तो आवरलाच पाहिजे. दोन माणसांच्या दंडातली ताकद संपली, एवढंच त्यातून सिद्ध होतं. कडक मुरमावर पाया छान बसू शकतो, पण मुरूम म्हणजे खडक नव्हे, आणि मुरमात अडकलेला एखादा दगडही ऑगरला तितकाच अडवतो.

वाळूत आणि गाळात वॉश बोअरिंग

जिथे भोक आपणहून उभं राहत नाही, तिथे त्याला पोलादी नळीचा आधार द्यावा लागतो. तिला केसिंग म्हणतात. केसिंग ठोकत न्यायचं, आतून पोकळ रॉड सोडायचा, रॉडच्या टोकाला छिन्नीसारखं पातं. पंपानं रॉडमधून पाणी सोडलं की ते टोकातून जोरात बाहेर पडतं. वरून माणसं विंचच्या दोरानं रॉड उचलून आपटतात आणि थोडा थोडा फिरवतात. सुटलेली माती पाण्याबरोबर रॉड आणि केसिंगमधल्या फटीतून वर येते आणि टाकीत जमते. गाळ तळाशी बसतो, पाणी पुन्हा पंपाकडे जातं. काही ठिकाणी साध्या पाण्याऐवजी बेंटोनाइट मातीचं घट्टसर पाणी वापरतात. ते भोकाच्या कडांना आतून रेटून धरतं.

टाकीत जमलेला गाळ म्हणजे नमुना नव्हे. पातेलं विसळलेल्या पाण्यावरून आमटी कशी झाली होती हे सांगण्यासारखं ते आहे. बारीक कण वाहून गेलेले असतात, जाड कण मागे रेंगाळलेले असतात आणि तीन मीटरवरचा माल पाच मीटरवरच्या मालात मिसळलेला असतो. तरीही चांगला ड्रिलर त्या पाण्याकडे सतत बघत असतो, कारण त्याचा रंग पालटला की थर पालटला. काळपट पाणी पिवळं झालं, रॉडला हाताखाली करकर जाणवू लागली, की तो तिथेच थांबतो, खोली मोजतो आणि लिहून ठेवतो.

खरा नमुना झोत बंद केल्यावर घेतला जातो. तळ साफ करायचा, रॉड बाहेर काढायचा आणि त्याच्या टोकाला नमुना घेणारी नळी लावून पुन्हा सोडायचा. साधारण दर दीड मीटरवर इथे एसपीटी ही चाचणी होते. ६३.५ किलोचा घण ७५ सेंटिमीटरवरून पुन्हा पुन्हा सोडून नळी ४५ सेंटिमीटर आत ठोकायची. पहिल्या १५ सेंटिमीटरचे ठोके सोडून द्यायचे, कारण तळाची माती झोतानं ढिली झालेली असते. उरलेल्या ३० सेंटिमीटरचे ठोके म्हणजे ‘एन’. मोकळ्या वाळूत तो दहाच्या आत असतो, घट्ट वाळूत तिसाच्या पुढे. पन्नास ठोक्यांतही नळी १५ सेंटिमीटर उतरत नसेल तर चाचणी थांबवतात आणि ‘रिफ्युजल’ असं लिहितात.

वाळूत एक दगा हमखास होतो. समजा, जमिनीतलं पाणी दोन मीटरवर आहे, पण रॉड भरभर वर ओढल्यानं केसिंगमधली पातळी पाच मीटरवर उतरली. बाहेरच्या पाण्याचा दाब आता जास्त. ते तळातून आत उसळतं आणि बरोबर वाळू घेऊन येतं. तळाची वाळू उकळल्यासारखी सैल होते, आणि मुळात घट्ट असलेला थर एसपीटीत भुसभुशीत दिसतो. मग गरज नसताना पाइल सुचवले जातात. हे ओळखायची खूण सोपी आहे. तळ नऊ मीटरपर्यंत साफ केला होता आणि नळी सोडल्यावर ती ८.६ मीटरवरच टेकली, तर मधली ४० सेंटिमीटर वाळू आत आलेली आहे. त्या खोलीचा ‘एन’ धरायचा नाही. उपायही सोपा आहे: केसिंग काठोकाठ भरलेलं ठेवायचं आणि रॉड सावकाश ओढायचे.

खडकात रोटरी कोअरिंग

छिन्नी आपटून आपटून उडू लागली, टाकीत ताज्या दगडाच्या कपच्या येऊ लागल्या, की पातं बाजूला ठेवायची वेळ होते. कोअरिंगमध्ये पोकळ नळीच्या तोंडाशी हिऱ्याचे कण बसवलेलं कडं असतं. इंजिन ती नळी फिरवतं आणि कडं खडकात फक्त गोल खाच पाडतं. मधला दंडगोल शाबूत राहून नळीत शिरतो, तोच कोअर. पाणी इथेही लागतं, पण झोतानं खणण्यासाठी नव्हे. ते कडं थंड ठेवतं आणि दगडाची भुकटी वर नेतं. आपल्याकडे ‘एनएक्स’ माप सर्रास चालतं: भोक सुमारे ७६ मिलिमीटरचं आणि कोअर सुमारे ५५ मिलिमीटरचा.

नळी एकेरी की दुहेरी, हा वरवर क्षुल्लक वाटणारा प्रश्न मला इथे सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एकेरी नळीत कोअर फिरत्या पोलादाला आणि वाहत्या पाण्याला थेट सामोरा असतो. काळ्या पाषाणाला त्याचं काही वाटत नाही. पण झिजलेला, भेगाळलेला खडक किंवा दोन लाव्हाथरांमधला तांबडा मातकट थर यांचं नळीतच पीठ होतं आणि ते पाण्याबरोबर निघून जातं. दुहेरी नळीत आतली नळी फिरत नाही आणि पाणी दोन नळ्यांच्या मधून जातं, म्हणून नाजूक खडकही वाचतो. एकेरी नळीनं काम करून ‘कोअर मिळाला नाही, खडक निकृष्ट’ असा अहवाल देणं म्हणजे हत्याराचा दोष जमिनीच्या माथी मारणं होय. अहवाल हातात आला की नळी कुठली होती ते आधी बघावं.

खाडीकाठचं एक भोक

हे तीन मार्ग एकमेकांना कसे जोडले जातात, ते एका उदाहरणात बघू. आकडे समजावण्यासाठी मी जुळवले आहेत, पण ठाणे खाडीच्या काठच्या भरावाच्या जागांवर थर याच धर्तीवर भेटतात.

वरचा अडीच मीटर मुरूम-दगडाचा भराव. इथे ऑगर दगडावर अडतो आणि छिन्नी वाकडी जाते. शहाणा माणूस वरचा दीड मीटर सरळ कुदळ-फावड्यानं खड्डा खणून बघतो. जमिनीतली एखादी केबल किंवा पाण्याची लाइनही त्यातच सापडते. मग केसिंग उभं करायचं.

अडीच ते नऊ मीटर खाडीचा काळपट चिखल, मधूनमधून शिंपल्यांचे तुकडे. इथे ऑगरनं भोक पडेल असं वाटतं, पण तळाची ओली माती दाबली जाऊन भोक आवळत येतं आणि पातं ओढताना खालून शोषल्यासारखा चिखल वर येतो. म्हणून वॉश बोअरिंग, तेही झोत केसिंगच्या तोंडापुढे फार न नेता. एसपीटी करून बघितली तर दोन ठोक्यांत नळी खाली जाते, कधी रॉडच्या वजनानंच उतरते. ‘एन’ एक आणि ‘एन’ दोन यांत फरक काय करणार? इथे ठोके मोजण्यापेक्षा पातळ भिंतीची पोलादी नळी न ठोकता एका दमात दाबून अखंड नमुना घ्यावा, किंवा चार पात्यांची फिरकी चिखलात दाबून ती फिरवायला किती जोर लागतो ते मोजावं. त्याला व्हेन चाचणी म्हणतात. इमारत किती खचेल हे सांगण्यासाठी तो अखंड नमुनाच लागतो.

नऊ मीटरवर टाकीतलं पाणी पिवळसर झालं. खडक जागच्या जागी कुजून झालेली घट्ट माती लागली. एसपीटीचे आकडे अठरा, मग चौतीस. ११.७ मीटरवर छिन्नी खणखणली, कपच्या काळ्याभोर, एसपीटीला रिफ्युजल. पाया ठरवणाऱ्याला हाच आकडा हवाहवासा वाटतो, आणि इथेच घाई झाली तर सगळं फसतं.

पातं काढून दुहेरी नळी लावली. पहिले ४५ सेंटिमीटर सावकाश कापले गेले; कोअर काळा, घट्ट, एकसंध. त्यानंतर नळी एकदम खाली सरकली, परतणारं पाणी तपकिरी झालं आणि पुढच्या ३५ सेंटिमीटरमधून काहीच हाती लागलं नाही. कोअरच्या खालच्या टोकाला गंजल्यासारखी तांबूस साल होती आणि ते टोक किंचित गोलाई घेत होतं. हा तळाचा खडक नव्हे, मुरमात अडकलेला गोटा होता. आपला बेसॉल्ट भेगांनी तुटलेल्या ठोकळ्यांच्या कडांकडून कुजत जातो. ठोकळ्याची साल कांदापापुद्र्यांनी सुटत राहते आणि मधला गाभा ताजा, गोलसर राहतो. रस्त्यासाठी कापलेल्या डोंगराच्या कडेला मुरमात रुतलेले असे गोटे कुणीही पाहू शकतो.

१२.५ मीटरवर परत एसपीटी केली. पंधरा-पंधरा सेंटिमीटरला १४, २१ आणि २७ ठोके, म्हणजे ‘एन’ ४८. बरा मुरूम, पण मुरूमच. वर ११.७ वर थांबलो असतो तर काही टनांचा पाइल एका गोट्यावर उभा राहिला असता आणि त्या गोट्याखाली दोन मीटरच्या आसपास मुरूम असता.

१३.९ मीटरवर परत खडक लागला. पहिल्या दीड मीटरच्या फेरीत सगळे तुकडे मिळून १०५ सेंटिमीटर कोअर निघाला. १५० पैकी १०५, म्हणजे मिळकत ७० टक्के. त्यातले १० सेंटिमीटर किंवा त्याहून लांब तुकडे चारच होते: २२, १७, १३ आणि ११, एकूण ६३. त्याचं १५० शी प्रमाण ४२ टक्के. या आकड्याला आरक्यूडी म्हणतात. अमेरिकी भूशास्त्रज्ञ डॉन डीअर यांनी १९६० च्या दशकात तो रूढ केला. मोजताना एक काळजी घ्यायची. नळीतून काढताना कोअर मोडला असेल तर तो तुकडा जोडून मोजायचा. ताजी, खरखरीत, एकमेकींत घट्ट बसणारी मोड आपण केलेली असते. डागाळलेली, गुळगुळीत मोड खडकाची स्वतःची भेग असते.

दुसऱ्या दीड मीटरमध्ये १४४ सेंटिमीटर कोअर आणि १२३ सेंटिमीटर लांब तुकडे मिळाले: मिळकत ९६, आरक्यूडी ८२. आता आपण १६.९ मीटरवर, म्हणजे सलग खडकात तीन मीटर आत होतो. गोटा की खडक हा संशय फेडायला साधारण एवढं कोअरिंग करण्याची पद्धत आहे. तरी शेजारच्या भोकांतही खडक याच सुमाराला लागतो का, हे ताडून बघायचं. एकाच भोकात तो दोन-तीन मीटर वर सापडला तर आधी गोट्याचा संशय घ्यावा.

> नोंदवहीत काय शोधावं
> प्रत्येक थरासमोर पद्धत लिहिलेली हवी, आणि ती कुठल्या खोलीवर आणि का बदलली हेही. केसिंग कुठवर होतं, परतणाऱ्या पाण्याचा रंग कधी पालटला, पाणी परतायचं कधी थांबलं, नळी एकेरी की दुहेरी, नमुन्याआधी तळाची खोली पुन्हा मोजली का. ‘रिफ्युजल’च्या पुढे कोअर नसेल तर तिथे ‘खडक’ हा शब्द मान्य करू नये.

जिथे क्रम उलटतो

माती वर, खडक खाली, म्हणून आधी ऑगर, मग वॉश, मग कोअर, हा क्रम देशावर बहुतेक जमतो. रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा गोव्याच्या जांभ्याच्या सड्यावर तो फसतो. तिथे उघड्यावर आलेला जांभा वाळून कडक झालेला असतो आणि त्याच्या खाली काही मीटरवर मऊ, पांढरट-पिवळी चिकण माती असू शकते. म्हणजे कठीण थर वर आणि कच्चा खाली. इथे वरचं कवच कोअरिंगनं भेदून लगेच एसपीटी आणि अखंड नमुन्यांकडे वळावं लागतं. कोअरिंग तसंच चालू ठेवलं तर पाणी ती चिकण माती धुऊन नेतं आणि कोअर बॉक्समधला रिकामा कप्पा फक्त ‘कोअर मिळाला नाही’ एवढंच सांगतो.

सह्याद्रीच्या खडकातही आरक्यूडी एकटा पुरत नाही. बुडबुड्यांच्या पोकळ्या पांढऱ्या खनिजांनी भरलेला बेसॉल्ट अनेकदा जवळजवळ बिनभेगांचा असतो. त्याचा आरक्यूडी ९० च्या पुढे जातो, पण तो काळ्या पाषाणापेक्षा मऊ असतो, आणि काही जातींचा कोअर बॉक्समध्ये ऊन-पाऊस खाऊन महिन्याभरात भुगा होतो. उलट काळा पाषाण अतिशय कठीण असूनही उभ्या-आडव्या भेगांमुळे कमी आरक्यूडी देतो. म्हणून कोअरचा तुकडा दाबयंत्राखाली फोडून त्याची ताकद वेगळी मोजावी लागते.

जमिनीतलं पाणी किती खोल?

तळघर खणणाऱ्याला हा आकडा सर्वांत आधी लागतो, आणि वॉश बोअरिंगच्या किंवा कोअरिंगच्या भोकात तो लगेच मिळत नाही, कारण तिथे दिसणारं पाणी आपणच ओतलेलं असतं. काम संपल्यावर भोक उपसून निदान एक रात्र जाऊ द्यायची आणि मग पातळी मोजायची. बेंटोनाइट वापरलं असेल तर त्याचा लेप कडांतून पाणी झिरपू देत नाही आणि दुसऱ्या दिवशीचा आकडाही फसवा निघतो.

अशा वेळी मोठ्या भोकापासून काही मीटरवर, भराव खणून बाजूला केल्यावर, ऑगरनं तीन-चार मीटरचं कोरडं भोक पाडावं, त्यात छिद्रं पाडलेला पीव्हीसी पाइप सोडावा, भोवती जाड वाळू भरावी आणि तोंड झाकून ठेवावं. चिकण मातीत पाणी फार सावकाश झिरपतं, म्हणून दोन लागोपाठ दिवशी आकडा सारखा येईपर्यंत मोजत राहावं. खाडीकाठी भरती आणि ओहोटी अशा दोन्ही वेळांना मोजावं, आणि प्रत्येक नोंदीसमोर तारखेबरोबर वेळही लिहावी.